मुळं न शोधता मुळांचा ठावठिकाणा

कंट्रोल शिकणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. कॉम्प्युटर कितीही मोठ्या बहुपदीची मुळं क्षणात काढून देतो, मग मुळं न काढताच प्रणाली स्थिर आहे का ते सांगणारा १९६१ सालचा जुरींचा तक्ता हाताने कशाला मांडायचा? प्रश्न रास्त आहे. सगळे सहगुणक ठराविक आकडे असतील, तर बहुतेक वेळा तक्त्याची गरज पडत नाही. पण एखादा सहगुणक अजून ठरायचाच असेल, किंबहुना तोच ठरवण्यासाठी आपण बसलो असू, तर कॉम्प्युटरला द्यायला आपल्याकडे आकडाच नसतो.

एक पाण्याची टाकी घेऊ. तिच्यातून सतत पाणी वापरलं जातंय आणि पातळी एका खुणेवर राखायची आहे. कंट्रोलर दर मिनिटाला पातळीतली तफावत बघतो आणि येणारं पाणी तेवढ्या प्रमाणात कमी-जास्त करतो. अडचण एवढीच, की सेन्सरचा आकडा त्याच्यापर्यंत दोन मिनिटं उशिरा पोचतो. तफावतीला e म्हटलं, तर हिशोब असा होतो:

```
e[n+1] = e[n] - K·e[n-2]
```

K म्हणजे तफावतीचा किती भाग एका मिनिटात भरून काढायचा ते प्रमाण. उशीर नसता तर K दोनपर्यंत नेला तरी चाललं असतं. दोन मिनिटांच्या उशिरात तो किती ठेवता येईल?

अशा समीकरणाचं उत्तर z च्या घातांच्या रूपात शोधतात. e[n] च्या जागी zⁿ घातलं, की लाक्षणिक बहुपदी मिळते: P(z) = z³ − z² + K. तिची तीन मुळं आहेत आणि ती संमिश्रही असू शकतात. प्रत्येक मुळाचं केवलमूल्य एकपेक्षा कमी असेल, तर त्याचे घात शून्याकडे जातात आणि तफावत विरते. एखादं मूळ जरी एकपेक्षा मोठं निघालं, तरी तफावत वाढत जाते. म्हणजे प्रणाली स्थिर राहायला तिन्ही मुळं एकक वर्तुळाच्या आत हवीत. मुळं नेमकी कुठे आहेत याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, आत की बाहेर एवढंच कळलं तरी पुरे.

इथे काही जण सलग काळात चालणाऱ्या प्रणालींसाठीच्या राउथच्या कसोटीची सवय घेऊन येतात आणि सहगुणकांची चिन्हं बघू लागतात. तिथे सीमा वर्तुळाची नसून उभ्या अक्षाची असते, म्हणून ती सवय इथे कामाला येत नाही. आपल्या बहुपदीत एक सहगुणक ऋण आहे आणि एक तर चक्क शून्य आहे, तरीही ती स्थिर असू शकते.

बगदादला जन्मलेल्या आणि बर्कलीत शिकवणाऱ्या इलियाहू जुरी यांनी ब्लँचर्ड यांच्यासोबत १९६१ मध्ये वर्तुळाची ही कसोटी तक्त्याच्या रूपात मांडली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना ईसाय शूर यांची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. मला या विषयात सर्वात प्रिय आहे ती हीच कल्पना.

बहुपदीचे सहगुणक उलट्या क्रमाने लिहा. z³ − z² + K ची उलटी Kz³ − z + 1. उलटीची मुळं मूळ बहुपदीच्या मुळांचे व्यस्त असतात. शिवाय सहगुणक वास्तव असल्यामुळे एकक वर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूवर दोन्ही बहुपद्यांचं केवलमूल्य अगदी सारखं येतं. आता उलटीला एकपेक्षा लहान संख्येने गुणून ती मूळ बहुपदीतून थोडी थोडी वजा करत गेलो, तर काय होईल? मुळं जागा बदलतील. पण वर्तुळ ओलांडायचं तर एखाद्या क्षणी मूळ वर्तुळावर यावं लागेल, म्हणजे तिथे वजाबाकी शून्य व्हायला हवी. जे वजा करतोय ते वर्तुळावर सर्वत्र लहानच असल्याने ती शून्य होत नाही. (वर्तुळावर मुळातच शून्य असेल तेवढा अपवाद, आणि तशी बहुपदी आपल्याला चालणारच नाही.) म्हणून मुळं कितीही हलली, तरी आतली आत राहतात आणि बाहेरची बाहेर.

मग वजा करताना गुणक असा निवडायचा, की शेवटचं पद नाहीसं व्हावं. इथे तो गुणक K:

```
(z³ − z² + K) − K(Kz³ − z + 1)
  = z · [ (1−K²)z² − z + K ]
```

एक मूळ थेट शून्यावर, वर्तुळाच्या मध्यावर आलं. ते बाजूला काढलं, की उरलं फक्त वर्गसमीकरण. सुरुवातीला K एकपेक्षा लहान असण्याची अट यासाठीच लागते. ती मोडली तर तिन्ही मुळांच्या गुणाकाराचं केवलमूल्य, जे K इतकं असतं, एक किंवा जास्त होतं आणि एक तरी मूळ आत नसतं. तक्त्यातली प्रत्येक नवी ओळ म्हणजे हीच वजाबाकी, फक्त सहगुणक आणि चिन्हं एका ठराविक पद्धतीने मांडलेली.

आता अटी मांडू. P(1) धन हवं, म्हणून K > 0. घात विषम असल्याने P(−1) ऋण हवं, म्हणून K < 2. शेवटचा सहगुणक पहिल्यापेक्षा लहान हवा, म्हणून K < 1. आणि वजाबाकीतून उरलेल्या वर्गसमीकरणातही तीच अट: K < 1 − K². ती सोडवली की K < ०.६१८ मिळतं. K ०.७ धरला तर पहिल्या तिन्ही अटी बिनबोभाट पार पडतात आणि चौथीत तो अडकतो, कारण १ − ०.४९ म्हणजे ०.५१, आणि ०.७ त्याहून मोठा आहे. वरवर तपासणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

पडताळा घेऊ. तफावत दोन मिनिटं १० सेंमीवर स्थिर होती असं धरू. K = ०.५ ठेवला तर ती दर मिनिटाला ५, ०, −५, −७.५, −७.५, −५ अशी जाते, पुढे वर वळून ५.६ पर्यंत चढते आणि पुन्हा उतरू लागते. हेलकावे आहेत, पण लहान होणारे. K = ०.७ ला ती ३, −४, −११, −१३.१ अशी घसरते आणि परतताना १५.६ वर पोचते. प्रत्येक फेरीत टाकी अधिकच हेलकावते. बरोबर ०.६१८ ला हेलकावा ना वाढतो ना विरतो, दर दहा मिनिटांनी तसाच परत येतो.

०.६१८ दिसल्यावर काहींना सुवर्ण गुणोत्तर आठवेल. शेअर बाजाराच्या चार्टवर ६१.८ टक्क्यांची रेघ ओढून भाव तिथून वळणारच असं सांगणारेही आपल्याकडे कमी नाहीत. इथे ही संख्या आली ती K² + K − 1 = 0 या समीकरणातून, आणि तेही उशीर दोन मिनिटांचा असल्यामुळे. उशीर एक मिनिटाचा केला तर मर्यादा १ येते, तीन मिनिटांचा केला तर सुमारे ०.४४५. या संख्येत गूढ काही नाही, आणि निसर्ग तिच्यावर खास मेहेरबान आहे असं मानायला या हिशोबात तरी जागा नाही.

कसोटीची मर्यादाही मोठी आहे. ती फक्त हो किंवा नाही सांगते. K = ०.६ ला ती ‘स्थिर’ म्हणेल, पण ती टाकी शांत व्हायला फार वेळ घेईल. मग वर्तुळच लहान करायचं. z च्या जागी ०.९z घालून तीच कसोटी पुन्हा लावली, की सगळी मुळं ०.९ त्रिज्येच्या आत आहेत का ते कळतं. तेव्हा बहुपदी 0.729z³ − 0.81z² + K होते. P(1) च्या अटीतून K > ०.०८१ निघतं आणि शेवटच्या अटीतून K < ०.४२९. आता खालची मर्यादाही शून्यावरून वर सरकली, कारण K फार लहान ठेवला तर हेलकावे नसले तरी तफावत रेंगाळत राहते. प्रत्यक्षात मी या दोन आकड्यांच्या मधला K घेईन, साधारण ०.२. सेन्सरचा उशीर पुढेमागे दोनाऐवजी तीन मिनिटांचा झाला, तरी तो मर्यादेच्या बराच आत राहतो.