चष्मा पुसण्याआधी धुवा

मे महिन्यातल्या दुपारी माझी भाची सीताबर्डीहून स्कूटीवर घरी आली आणि डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्यानेच चष्मा खसाखसा पुसायला लागली. मी तिला थांबवलं. काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरली, तर हिरवट झाकेत बोटाचा ठसा उठून दिसत होता आणि त्यावर बारीक धूळ चिकटलेली होती.

ती हिरवट झाक म्हणजे अँटिरिफ्लेक्टिव्ह कोटिंगची खूण. सिलिकॉन डायऑक्साइडसारख्या पदार्थांचे हे थर सगळे मिळूनही एका मायक्रॉनपेक्षा पातळ असतात. आपला केस त्यांच्या पन्नासपट तरी जाड. थरांची जाडी अशी बेतलेली असते की त्यांवरून परतणारे किरण एकमेकांना बहुतांशी मारून टाकतात. त्यावर बोटाचं तेल बसलं की हिशेब बिघडतो आणि तेवढी जागा जास्त चमकते. म्हणून अशा काचेवर डाग अधिक डोळ्यांत भरतो.

पण ओरखडा तेलाने पडत नाही. तो पडतो तेलात अडकलेल्या धुळीने. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि हल्लीच्या बहुतेक ‘काचा’ प्लास्टिकच्या असतात. कापड कितीही मऊ असो, ते हे कण काचेवर घासतच नेतं. तोंडाची वाफ सोडून पुसलं तरी तेच, कारण तेवढ्या ओलाव्याने धूळ वाहून जात नाही.

म्हणून आधी हात धुवायचे आणि चष्मा वाहत्या पाण्याखाली धरायचा. मग दोन्ही काचांवर भांड्यांच्या साध्या लिक्विडचा एकेक थेंब घेऊन बोटांच्या टोकांनी हलकेच चोळायचं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, त्यामुळे तेल सुटून वाहून जातं. फ्रेमची कड आणि नाकावरच्या गाद्या विसरू नका, तेल तिथेच दडून राहतं. पाणी ओघळताना एखाद्या जागी पसरून चिकटलं, तर तिथे अजून तेल आहे असं समजा. शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या. बोअरचं पाणी असेल तर काच आपोआप वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

नागपुरात एक गोष्ट मात्र फार सांभाळावी लागते. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. उष्णतेने प्लास्टिक जेवढं फुगतं तेवढे वरचे थर फुगत नाहीत, ते ताणले जातात आणि तडकू शकतात. मग काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. त्या कशानेच जात नाहीत, काचच बदलावी लागते. उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या चष्म्याचंही हेच होतं.

भाचीचा चष्मा आम्ही माठातल्या पाण्याने धुतला. ठसा गेला, पण उजव्या काचेवर दोन सरळ रेषा तशाच राहिल्या. ते आधीचे ओरखडे होते.