शेवटची पाळी नेमकी कधीची, हे भिंतीवरचं कॅलेंडर सांगतं

पाळी थांबली हे त्या महिन्यात कुणालाच कळत नाही. शेवटची पाळी शेवटची होती, हे बारा महिने सलग रक्तस्राव न झाल्यावरच, मागे वळून ठरवता येतं. वैद्यकात रजोनिवृत्तीची व्याख्याच तशी आहे, आणि म्हणून पाळी सुरू झाल्याच्या तारखांची साधी नोंद एखाद्या महागड्या तपासणीपेक्षा पुष्कळदा जास्त सांगून जाते.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून साधारण 10 ते 20 लाख अपक्व स्त्रीबीजं असतात. पुढे हा साठा वाढत नाही. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात जेमतेम चार-पाचशे बीजं पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची पाळी येवो न येवो, गरोदरपण असो नसो, आपोआप विरत जातात. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते. रजोनिवृत्तीचं वय म्हणजे हा साठा कधी सरला त्याची तारीख. ती प्रत्येकीची वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, म्हणून आईची आणि मावशीची पाळी कितव्या वर्षी गेली हे विचारून ठेवावं. धूम्रपानाने ती साधारण एक-दोन वर्षं आधी येते.

जगभरात 45 ते 55 हा सर्वसाधारण पट्टा मानतात. पाश्चात्य देशांत सरासरी 51 च्या आसपास असते, भारतीय स्त्रियांमध्ये ती 46-47 च्या घरात आढळते. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या बाईची पाळी 46 व्या वर्षी गेली, तर 'माझी लवकर गेली' म्हणून घाबरण्याचं कारण नाही. 40 ते 45 दरम्यान गेली तर ती लवकरची रजोनिवृत्ती, आणि 40 च्या आत गेली तर तो अंडाशयांचा अकाली बिघाड समजून तपासायलाच हवा.

आता नोंद कशी वाचायची ते पाहू. समजा फोंड्याची एक बाई आहे, मार्चमध्ये तिला 46 पूर्ण झाली. पाळी सुरू झाली त्या तारखेला ती कॅलेंडरवर गोल करते. तिच्या खुणा अशा: 3 जानेवारी, 31 जानेवारी, 24 फेब्रुवारी, 29 मार्च, 20 एप्रिल, 22 मे, 30 जुलै. मधली अंतरं मोजली तर 28, 24, 33, 22, 32 आणि 69 दिवस येतात. पहिल्या दोन अंतरांत फक्त चार दिवसांचा फरक आहे, तो कुणाचाही असू शकतो. पण 24 नंतर 33 आणि 33 नंतर 22, म्हणजे लागोपाठच्या चक्रांत सात दिवसांहून जास्त फरक पडला, आणि तो पुन्हा पुन्हा पडतोय. 2001 साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या कार्यशाळेत ठरलेल्या आणि दहा वर्षांनी सुधारलेल्या टप्प्यांनुसार हा रजोनिवृत्तीकडे जाण्याच्या संक्रमणाचा पहिला भाग. जुलैतलं 69 दिवसांचं अंतर ही पुढची खूण: 60 किंवा जास्त दिवसांची खंड पडली की संक्रमणाचा उत्तरार्ध सुरू होतो, आणि तिथून शेवटची पाळी साधारण एक ते तीन वर्षांत येते. अंगात अचानक उष्णतेचे लोट येणं, रात्री घामाने झोपमोड होणं हेही याच काळात वाढतं.

सप्टेंबरात चवथ आली. घरात गणपती, म्हणून तिने पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी, 17 तारखेला, रक्तस्राव झाला. हा गोल वेगळ्या रंगात करायला हवा, कारण हा स्राव अंडाशयाने ठरवलेला नाही, गोळीतलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध थांबल्याने झालेला आहे. 30 जुलैपासूनचं अंतर मग हिशेबातून वगळायचं. या वयात पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नसतं, त्यामुळे गोळ्या अंदाजाने लवकर सुरू होतात आणि लांबत जातात. ज्यांना पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन गेली आहे त्यांनी त्या घेऊ नयेत. स्राव अनियमित किंवा अति होत असेल तर आधी कारण शोधावं.

पुढे 11 नोव्हेंबरला एक नैसर्गिक पाळी आली आणि मग काहीच नाही. पुढच्या वर्षी 11 नोव्हेंबर उजाडला की हिशेब पूर्ण: रजोनिवृत्ती 46 वर्षं 8 महिन्यांची. मध्ये दहाव्या महिन्यात पाळी आली असती तर मोजणी पुन्हा शून्यापासून. गर्भनिरोधन मात्र लगेच सोडू नये. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष ते चालू ठेवण्याचा सल्ला देतात.

बारा महिने पूर्ण झाल्यावर मात्र रक्ताचा एक डागही 'उरलीसुरली पाळी' म्हणून सोडू नये. तेव्हा सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात. ती चार मिलिमीटरपर्यंत असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. जास्त असेल किंवा स्राव पुन्हा झाला तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो.

बऱ्याच जणी लॅबमध्ये जाऊन एफएसएच या संप्रेरकाची तपासणी करून येतात आणि गोंधळतात. साठा कमी झाला की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी अंडाशयांना जोरात हाका मारते, म्हणजे हे संप्रेरक वाढवते. पण संक्रमणात एखाद्या महिन्यात एखादं बीज चांगलं वाढतं, इस्ट्रोजेन वर जातं आणि एफएसएच खाली येतं. या महिन्यात 35 आणि पुढच्या महिन्यात 8, असंही होतं. त्यामुळे वय 45 च्या पुढे असेल आणि नोंद वर सांगितल्यासारखी असेल, तर निदानासाठी ही तपासणी लागत नाही.

चाळिशीच्या आत चित्र उलटं. चार महिने पाळी आली नाही किंवा फार अनियमित झाली, तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एफएसएच. एफएसएच 25 च्या वर असेल तर अकाली बिघाडाचा संशय. शंका असली तर चार आठवड्यांनी पुन्हा पाहतात. केमोथेरपी, अंडाशयावरची शस्त्रक्रिया, स्वप्रतिकार आजार, गुणसूत्रांतले बदल ही काही कारणं, आणि अनेकदा कारण सापडतही नाही. इतक्या लवकर इस्ट्रोजेन थांबलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराची जोखीम वाढते, म्हणून ज्यांना ते घेणं धोक्याचं नाही अशांना साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरकं बाहेरून देतात. उलट बाजूला, पाळी 55 नंतरही चालू राहिली तर स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची जोखीम थोडी वाढते.

कॅलेंडर मुकं होतं ते पिशवी काढलेल्या बाईचं. गर्भाशय गेलं पण अंडाशयं राहिली, तर पाळी बंद होते, रजोनिवृत्ती होत नाही. ती नंतर, कधी थोडी लवकर, न दिसता येते. दोन्ही अंडाशयं काढली तर ती ऑपरेशनच्या दिवशीच येते. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खाजगीत, कुठेही ऑपरेशन झालं असो, डिस्चार्ज कार्ड काढून बघा. नुसतं 'टीएएच' लिहिलं असेल तर पोटातून गर्भाशय काढलं. पुढे 'बीएसओ' असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयंही. ही अक्षरं 45 च्या आतल्या ऑपरेशनच्या कार्डावर दिसली, तर हाडांच्या घनतेची तपासणी आणि संप्रेरकांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना तेच कार्ड दाखवून विचारावं.