एका फोनवर दोन व्हॉट्सअ‍ॅप: बॅकअप नेमके कशावरून वेगळे राहतात?

ड्युअल अ‍ॅप चालू केलं की व्हॉट्सअ‍ॅपचं दुसरं आयकॉन येतं आणि अ‍ॅपची प्रत निघाली असं वाटतं. खरं तर अ‍ॅप फोनमध्ये एकदाच असतं. अँड्रॉइड गुपचूप आणखी एक वापरकर्ता तयार करतं आणि तेच अ‍ॅप त्याच्या नावावरही चालवतं. मूळ वापरकर्त्याचा क्रमांक ०, तर शाओमीच्या फोनांत या दुसऱ्याचा ९९९. दोघांचा डेटा वेगळ्या फोल्डरात राहतो:

```
/data/user/0/com.whatsapp
/data/user/999/com.whatsapp
```

मूळ अ‍ॅपचा ओळख क्रमांक समजा १०२३४ असेल, तर क्लोनचा ९९९१०२३४ होतो. ओळख वेगळी, म्हणून एकाला दुसऱ्याच्या फोल्डरात शिरता येत नाही. रात्री दोनच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप फोनमध्येच जो बॅकअप ठेवतं, तोही ज्याचा त्याच्याच जागेत जातो.

गूगल ड्राइव्हवर मात्र ०, ९९९ हा हिशेबच नसतो. तिथे बॅकअप ओळखला जातो तो मोबाइल नंबर आणि गूगल खातं या जोडीवरून. त्यामुळे दोन्ही नंबरांचे बॅकअप एकाच जीमेलवर ठेवले तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत. जागा तेवढी दोघांची मिळून एकाच कोट्यातून जाते.

समजा, घरचा नंबर मूळ अ‍ॅपमध्ये आणि डब्यांच्या ऑर्डरींचा क्लोनमध्ये आहे. फोन बदलला आणि नव्या फोनवर गडबडीत ऑर्डरींचा नंबर मूळ अ‍ॅपमध्ये टाकला. काही बिघडत नाही: जुनं गूगल खातं फोनवर असेल तर ड्राइव्हवरून ऑर्डरींचेच चॅट येतात. पण फोन तोच ठेवून नंबरांची अशी अदलाबदल केली, तर फोनमधला बॅकअप कामाला येत नाही, कारण तो पलीकडच्या वापरकर्त्याकडे असतो. तेव्हा भिस्त फक्त ड्राइव्हवर.

आणि नेमकी तिथेच मेख आहे. मूळ अ‍ॅपमध्ये ड्राइव्ह बॅकअप लावला म्हणजे क्लोनमध्येही लागला, असं नाही. तो तिथे स्वतंत्रपणे लावावा लागतो. क्लोनच्या सेटिंग्जमध्ये ‘चॅट बॅकअप’ उघडा. गूगल खात्यासमोर काहीच नसेल, तर त्या नंबरचं सगळं फोनमध्येच अडकलेलं आहे. अशा वेळी ड्युअल अ‍ॅपचं बटण बंद केलं की क्लोनचा डेटा पुसला जातो. इशारा येतो, पण तो वाचतो कोण! फोन बदलायची कंपन्यांची अ‍ॅप्सही क्लोनचा डेटा बरेचदा मागेच सोडतात.

नंबर पडताळताना ‘रिस्टोअर’ विचारलं जातं, तेव्हा घाईत ‘स्किप’ दाबू नका. दाबलंच, तर नवा बॅकअप होण्याआधी अ‍ॅप काढून पुन्हा टाका. ड्राइव्हवर नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो.