पाच घमेली कालवली, तरी भिंतीला चारच का पुरतात?
घरगुती दुरुस्तीसाठी सिमेंट-वाळू नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा तोंडावर आला की भिंतीचा खालचा पट्टा, मोरीची बाहेरची बाजू, कुंपणाचा कोपरा अशा छोट्या दुरुस्त्या निघतात. सकाळी ग्राहक पंधरा किलो सिमेंट आणि एक गोणी वाळू घेऊन जातात, आणि दुपारी मिस्त्री निरोप पाठवतो की माल कमी पडला. मग पुन्हा रिक्षा, पुन्हा आमच्याकडे रांग, आणि तोवर अर्ध्या भिंतीवरचा गिलावा सुकायला लागलेला. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकाच गणितात असतं, आणि ते गणित ग्राहकांनी अगदी शाळेत शिकवल्याप्रमाणे केलेलं असतं. म्हणून हे पत्रक.

आतल्या-बाहेरच्या छोट्या डागडुजीसाठी मिस्त्री सहसा 'एकास चार' सांगतात. याचा अर्थ एक माप सिमेंट आणि त्याच मापाने चार मापं वाळू. इथे वजन धरायचं नाही, आकारमान धरायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढे ग्राहक म्हणतात, एक आणि चार मिळून पाच भाग, म्हणजे मला जितका माल हवा त्याचा पाचवा हिस्सा सिमेंट आणि उरलेली वाळू. भागीदारीच्या उदाहरणात हे बरोबर आहे. दोघांनी नफा 1:4 असा वाटून घेतला तर दोघांचे हिस्से मिळून पूर्ण नफा होतो, एक रुपया कुठे जात नाही. सिमेंट आणि वाळूच्या बाबतीत मात्र एक आणि चार मिळून पाच होत नाहीत. जेमतेम पावणेचार ते चार होतात.

कारण साधं आहे. वाळूच्या कणांमध्ये भरपूर पोकळी असते, कोरड्या सुट्या वाळूत एकूण आकाराच्या एक-तृतीयांशाहून जास्त. सिमेंटचे कण इतके बारीक की ते या फटींत जाऊन बसतात. शेंगदाण्याच्या डब्यात वाटीभर रवा ओतून हलवलात तर डबा वाटीभर वर चढत नाही, तसंच. शिवाय पाणी घालून कालवलं की सगळा माल आणखी दबून बसतो. म्हणून ठेकेदार लोक ओल्या मालाचा आकार काढून त्यात साधारण एक-तृतीयांश भर घालतात आणि मगच त्याचे पाच भाग करतात. कोणी 1.27 ने गुणतो, कोणी 1.33 ने. आम्ही 1.33 धरतो. छोट्या कामात चमचाभर माल उरलेला बरा, कमी पडलेला नको.

आता एक खरं उदाहरण घेऊ. दहा फूट लांब आणि तीन फूट उंच पट्टा, विटांपर्यंत खरवडलेला. क्षेत्रफळ 30 चौरस फूट. विटांवर गिलावा साधारण 15 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे फुटाच्या हिशेबात 0.05 फूट. 30 गुणिले 0.05 म्हणजे 1.5 घनफूट माल. विटांमधल्या उकरलेल्या फटी, भिंतीचा वाकडेपणा आणि थापीवरून खाली पडणारा माल यासाठी वीस टक्के वाढवा, की झाला 1.8 घनफूट. हा ओला माल.

शाळेच्या पद्धतीने 1.8 चे पाच भाग केले तर सिमेंट 0.36 घनफूट आणि वाळू 1.44 घनफूट. पन्नास किलोची पिशवी साधारण 35 लिटरची, म्हणजे जवळपास सव्वा घनफूट. म्हणजे एक घनफूट सिमेंट सुमारे 40 किलो. या हिशेबाने ग्राहक 14-15 किलो मागतात. पण कालवल्यावर हा माल 1.8 ऐवजी 1.35 घनफूटच भरतो. चौथा हिस्सा कमी! तीस फुटांच्या पट्ट्यातले साडेसात फूट कोरे राहतात.

बरोबर हिशेब असा. 1.8 ला 1.33 ने गुणलं की कोरडा माल 2.4 घनफूट. त्याचे पाच भाग केले की प्रत्येक भाग 0.48. सिमेंट 0.48 घनफूट म्हणजे 19-20 किलो, आणि वाळू चार भाग, 1.92 घनफूट. पाच किलोचा फरक दिसायला किरकोळ आहे, पण दुपारची दुसरी फेरी त्याच पाच किलोंमुळे होते.

एकास चारपुरती एक युक्तीही आहे. ओला माल जितका हवा, त्याहून किंचित जास्त कोरडी वाळू घ्या आणि तिच्या चौथाई सिमेंट. वरच्या उदाहरणात 1.8 च्या जागी 1.92 आणि 0.48, तेच उत्तर. काही ग्राहक चुकून पाचाऐवजी चाराने भागतात आणि त्यांना माल जवळपास पुरतो, तो यामुळेच. चुकीच्या वाटेने बरोबर गावी पोचतात. पण एकास सहाच्या कामाला सहाने भागून चालत नाही, तिथे पुन्हा सिमेंट कमी पडतं. तेव्हा 1.33 ची पायरी सोडू नका.

माल कमी पडला की पुढे काय होतं तेही सांगतो, कारण अनेकांना वाटतं की मिस्त्री सांभाळून घेईल. सांभाळतो, पण कसं? अंगणात वाळू असते, सिमेंट संपलेलं असतं. मग तेवढ्याच सिमेंटमध्ये वाळू वाढवून तो पट्टा पुरा करतो. 0.36 घनफूट सिमेंटमध्ये 1.92 घनफूट वाळू घातली की प्रमाण एकास सव्वापाचच्या वर गेलं, आणि ही वाढीव वाळू सगळ्या मालात सारखी मिसळत नाही, शेवटच्या खेपेतच जाते. महिनाभराने त्या कोपऱ्यावर नख ओढलं की भुकटी हाताला लागते. दुसरा मार्ग म्हणजे सिमेंट आणून उरलेला तुकडा तासा-दोन तासांनी लावणे. तिथे सांधा पडतो, आणि ओल परत यायची असेल तर त्याच रेषेतून येते.

उलट टोकही सांगायला हवं. 'चांगलं मजबूत होऊ दे' म्हणून एकास दोन कालवणारे ग्राहक आहेत. आमचं सिमेंट जास्त खपतं, पण तुमच्या भिंतीला त्याचा फायदा नाही. सिमेंट जास्त झालं की गिलावा सुकताना जास्त आकसतो आणि केसासारख्या भेगा पडतात.

आता वाळू. वर काढलेली 1.92 घनफूट वाळू कोरडी धरलेली आहे. आमच्या अंगणातली वाळू, आणि क्रश सँडसुद्धा, बहुतेक वेळा दमट असते, आणि दमट वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात, म्हणून तीच वाळू जास्त जागा व्यापते. थोड्या दमटपणाने पाव पटीपर्यंत सहज फुगते. तुम्ही चार डबे मोजता, पण कोरड्या हिशेबात ती सव्वातीनच्या आतच असते. माल तेवढाच कमी भरतो आणि सिमेंट नको तितकं जास्त होतं. 'तुम्ही वाळू कमी दिलीत' ही तक्रार इथूनच येते. आम्ही गोणी तुमच्यासमोर भरतो. कमी दिलेली नसते, फुगलेली असते.

तपासायचं असेल तर घरी करता येतं. सरळ उभ्या भिंतीच्या पारदर्शक बरणीत दमट वाळू न दाबता भरा आणि उंची मोजा. समजा 20 सेंटिमीटर. वाळू काढून घ्या, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी भरा, वाळू परत सोडा, काडीने ढवळा आणि खाली बसू द्या. पाण्यात पूर्ण बुडालेली वाळू कोरडीइतकीच जागा घेते. आता उंची 16 भरली तर चारचा फरक, सोळावर चार म्हणजे पाव. मग कोरड्या चार डब्यांच्या जागी दमट पाच डबे घ्यायचे. आपल्या पट्ट्याला 1.92 ऐवजी 2.4 घनफूट. आम्ही रिकाम्या सिमेंटच्या पिशवीत वाळू भरून देतो, एका पिशवीत सुमारे सव्वा घनफूट. म्हणून अशा कामाला आम्ही दोन गोण्या सांगतो, आणि ग्राहकांना वाटतं आम्ही एक गळ्यात मारतोय.

कालवताना घमेल्याने अंदाज धरू नका, घमेलं कधी सपाट तर कधी शीग लावून भरलं जातं. पाच लिटरचा एकच डबा सिमेंटला आणि वाळूला वापरा, वरून पट्टी फिरवून सपाट करा. एका डब्यात सिमेंट साधारण सव्वासात किलो बसतं, म्हणजे आपले 20 किलो म्हणजे पावणेतीन डबे. तीन खेपा करा. पहिल्या दोन खेपांत प्रत्येकी एक डबा सिमेंट आणि चार डबे कोरडी वाळू, तिसरीत पाऊण डबा सिमेंट आणि तीन डबे वाळू. वाळू दमट असेल तर चाराचे पाच आणि तीनाचे पावणेचार. सगळा माल एकदम कालवू नका, पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपायला हवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो 'जिवंत' करणं टाळा. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं, हे तुम्हाला माहीत आहेच.

वॉटरप्रूफिंगचं द्रावण घेणार असाल तर तिथेही प्रमाण पाहा. डब्यावर 50 किलो सिमेंटला 200 मिली लिहिलं असेल, तर 20 किलोला 80 मिली. लोक पूर्ण बाटली ओततात. आमच्याकडे मोजमापाचं झाकण मिळतं, मागून घ्या.

आता आमच्या दोन नियमांबद्दल, कारण त्यावरून कुरबूर होते. सुटं सिमेंट आम्ही किलोवर देतो, पण पिशवीच्या भावापेक्षा किलोमागे थोडं महाग पडतं. फोडलेल्या पिशवीतलं उरलेलं सिमेंट हवेतला ओलावा ओढून गोळे धरतं आणि तो तोटा आमचा असतो. याच कारणाने घरी नेऊन उघडलेलं सिमेंट आम्ही परत घेत नाही. गोळे चुरगाळून परत आलेलं सिमेंट दुसऱ्या ग्राहकाला देणं आम्हाला पटत नाही. न उघडलेली पिशवी मात्र दोन दिवसांत परत आणली तर घेतो.

येताना लांबी, उंची आणि किती जाडीचा गिलावा निघाला ते लिहून आणा. जाडी माहीत नसेल तर निघालेला एक तुकडा खिशात टाकून आणा, आम्ही पट्टी लावून मोजतो. मिस्त्रींनी प्रमाण वेगळं सांगितलं असेल तर त्यांच्याशी आमचं फोनवर बोलणं करून द्या. पाच लिटरचा डबा अनामत ठेवून नेता येतो.