मनगटावरचा आकडा वाचता यावा म्हणून

भाच्याच्या जिमसाठी पोस्टर करत होतो. हवं होतं ते अगदी साधं: डंबेलच्या दांड्यावर ठेवलेला हात, मनगटावर फिटनेस बँड आणि त्यावर ठळक दिसणारा 128 हा नाडीचा आकडा. चित्र काढणाऱ्या मॉडेलला तसा प्रॉम्प्ट दिला आणि अर्ध्या मिनिटात चित्र आलं. लांबून पाहिलं तर सुरेख. मोठं करून पाहिलं तेव्हा 1 नीट होता, पुढचा आकडा 2 आणि 8 यांच्या मधलाच काहीतरी होता, आणि खाली BPM च्या जागी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या तीन खुणा होत्या. पट्टा रबराचा सांगितला होता, त्यावर चामड्याची शिलाई आली होती. जिमचा उजेड म्हणावा तर मनगटावर संध्याकाळच्या खिडकीतून यावं तसं पिवळं ऊन पडलं होतं.

हे तीन दोष वरवर वेगळे दिसतात, पण तिन्हींच्या मागे ठोस कारणं आहेत. ती कळली की प्रॉम्प्ट कसा लिहायचा हेही कळतं.

आधी आकड्यांचं पाहू. म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठातल्या गटाच्या संशोधनातून उभं राहिलेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्र काढणारं मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याची रीत अशी: सुरुवातीला नुसता गोंधळ असतो, टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायच्या त्या मुंग्यांसारखा. मॉडेल तो पायरीपायरीने साफ करत जातं आणि कुठे काय उरायला हवं, याची दिशा प्रॉम्प्टमधल्या शब्दांकडून घेतं. पण ही साफसफाई थेट पिक्सेलवर होत नाही. तसं केलं तर गणित फार जड होतं. म्हणून ती चित्राच्या दाबलेल्या, आटोपशीर रूपावर होते. त्या रूपात मूळ चित्रातल्या ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनाला एकच घर मिळतं, आणि त्या घरात पहिल्या मॉडेलमध्ये जेमतेम चार संख्या मावत. सगळं काम या घरांवर उरकतं आणि शेवटी घरं उलगडून पुन्हा पिक्सेल केले जातात.

आता माझ्या पोस्टरचा हिशोब मांडतो. चित्र १०२४ पिक्सेल रुंद, त्यात बँडची तबकडी साधारण २०० पिक्सेलची. तिच्यावर 128 हा आकडा ४८ पिक्सेल उंच धरला, तर त्याच्या वाट्याला उंचीत सहा घरं येतात. आकड्याची रेघ मात्र सहाच पिक्सेल जाड, म्हणजे एका घरापेक्षाही बारीक. 8 च्या मधली चिमट आणि 2 चं वळण यांतला फरक एकदोन घरांतच मिटतो. खालचं BPM तर १२ पिक्सेलचं, म्हणजे दीड घर. तिथे अक्षर उमटायला जागाच नाही. त्वचा, रबर, धातू यांचं तसं नसतं. केस दोन पिक्सेल इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही. आकड्याची रेघ तेवढीच सरकली की आकडाच बदलतो.

नंतरच्या मॉडेलमध्ये दर घरात सोळा संख्या मावू लागल्या आणि ठळक आकडे बऱ्याचदा बरोबर येऊ लागले. बारीक ओळी आजही फसतात.

यावर प्रॉम्प्टमध्ये «clear readable display» असं कितीही वेळा लिहिलं तरी घरं वाढत नाहीत. घरं वाढवायचे दोनच मार्ग आहेत. एक तर घड्याळ चित्रात मोठं घ्यायचं, म्हणजे पूर्ण हाताऐवजी मनगटच जवळून दाखवायचं. नाहीतर चित्र झाल्यावर तबकडीचा तेवढाच भाग निवडून तो मोठ्या आकारात पुन्हा रंगवून घ्यायचा. २०० पिक्सेलची तबकडी १०२४ वर नेली की तोच 8 उंचीत पाचपट घरांत बसतो. या दोन्ही गोष्टींनी खूप फरक पडतो. पण जाहिरातीत आकडा चुकून चालत नाही, म्हणून मी तिसरीच वाट धरतो: मॉडेलकडून तबकडी कोरी, काळी मागायची आणि आकडा नंतर स्वतः बसवायचा. तो कसा बसवायचा हे उजेडावर ठरतं, म्हणून आधी उजेड.

आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये फॉल्स सिलिंगमध्ये दोन बाय दोन फुटांची एलईडी पॅनेलं असतात. ३६ वॅटचं एक पॅनेल साधारण ३,६०० ल्युमेन प्रकाश देतं. पॅनेलच्या क्षेत्रफळाने हिशोब केला तर खालून पाहणाऱ्याला त्याचा पृष्ठभाग ३,००० निटच्या आसपास दिसतो. निट हे पृष्ठभागाचं तेज मोजायचं एकक, आणि लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं. त्याच उजेडात ४०० लक्स प्रकाश पडलेली गव्हाळ त्वचा ४० निटच्या आसपास दिसते. बँडचे पांढरे आकडे ४०० निट धरू. म्हणजे आकडा त्वचेच्या दहापट उजळ. त्वचा नीट दिसेल असा कॅमेरा लावला, तर खऱ्या फोटोत आकडे किंचित फुलून पांढरेशुभ्र यायला हवेत. त्वचा आणि आकडा दोन्ही अगदी समतोल दिसले की डोळ्याला काहीतरी खटकतं, ते यामुळेच.

आता काच. साधी काच समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे चार टक्के भाग परत फेकते. चार टक्के किरकोळ वाटतात, पण ३,००० निटचे चार टक्के म्हणजे १२० निट, त्वचेच्या तिप्पट. पॅनेलचं प्रतिबिंब नेमकं आकड्यावर पडलं, तर काळी तबकडी करडी होते आणि आकडा फिका पडतो. उन्हात मोबाइल वाचताना होतं तेच. दुसऱ्या टोकाला, काचेत कसलंच प्रतिबिंब नसेल तर तबकडी काळ्या कागदाचा तुकडा चिकटवल्यासारखी दिसते. खरी काच ओळखू येते ती कडेवरून. तिथे ती किंचित वळलेली असते, आणि त्या वळणात अख्खं छत आवळून एक बारीक उजळ रेघ होते. माझ्या मते चित्रात प्रतिबिंब हवं, पण ते त्या कडेपुरतंच. मनगट प्रत्यक्षात तसं धरता येतं: तबकडी १५ अंश कलवली की प्रतिबिंब ३० अंश सरकतं, म्हणून थोड्याशा कलानेही पॅनेल आकड्यावरून बाजूला जातं.

मॉडेलला नुसतं «gym lighting» म्हटलं तर जाहिरातींत असतो तो नाट्यमय, एका बाजूने येणारा उजेड मिळतो, कारण जिमची असंख्य चित्रं तशीच काढलेली असतात. म्हणून दिवा कोणता, कुठे आहे आणि सावली कुठे पडते, हे सांगावं लागतं. वरून येणारा पसरट प्रकाश म्हणजे मनगटाखाली मऊ कडांची सावली, आणि रबरी फरशी काळी असल्याने खालून वर येणारा उजेड जवळपास शून्य.

पट्ट्याचंही तसंच आहे. पोत म्हणजे खरं तर बारीक उंचवट्यांच्या सावल्या. समोरून लख्ख उजेड असेल तर त्या पुसल्या जातात आणि सिलिकॉन, नायलॉन, चामडं सगळं सारखंच गुळगुळीत दिसतं. पट्टा मनगटावरून जिथे खाली वळतो तिथे वरचा प्रकाश त्याला तिरपा घासून जातो, आणि रेघा तिथेच उठून दिसतात. नुसतं «strap» म्हटलं की मॉडेल घड्याळांच्या चित्रांत सर्वाधिक दिसलेलं रूप देतं, आणि तिथून ती चामड्याची शिलाई येते. पदार्थ, चमक आणि नक्षी अशा तीन गोष्टी सांगितल्या की ती जाते. बकल आणि भोकं मात्र चित्राबाहेरच ठेवलेली बरी. भोकांमधलं अंतर आणि पिन नेमक्या भोकात असणं हे मॉडेलला क्वचितच साधतं.

शेवटी माझा प्रॉम्प्ट असा झाला:

```
close-up photo, left wrist on a dumbbell handle,
fitness band, screen off, plain black glass,
ceiling panel reflected only along its top edge,
matte silicone strap with fine diagonal ribs,
forearm hair, light sweat, skin pressed under strap,
white LED ceiling panels, soft shadow below wrist,
dark rubber floor, blurred background
```

हा मुद्दाम आखूड ठेवला आहे. सुरुवातीच्या स्टेबल डिफ्यूजनमध्ये शब्द वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकडेच घेतो. त्यात स्वल्पविरामही मोजले जातात आणि मोठे शब्द फुटून दोन-तीन तुकडे होतात. प्रॉम्प्ट इंग्रजीत आहे, कारण हे मॉडेल मुख्यतः इंग्रजी ओळी जोडलेल्या चित्रांवर शिकलेलं आहे. शिवाय «no text» असं कुठेही लिहिलेलं नाही. नकार या मॉडेलना नीट कळत नाही, आणि ज्या वस्तूचं नाव घ्याल ती चित्रात यायला बघते. म्हणून काय नको ते न सांगता काय हवं ते सांगितलं: बंद पडदा, काळी काच.

आठ चित्रं काढली. तीन चित्रांत सांगूनही पडद्यावर वेळ उमटली, कारण घड्याळ म्हटलं की आकडे ही गाठ मॉडेलमध्ये पक्की असते. काट्यांच्या घड्याळाची हीच गाठ आणखी घट्ट आहे. जाहिरातींत काटे १०:१० वर ठेवायची पद्धत असल्याने दुसरी कुठलीही वेळ मागा, काटे तिकडेच जातात. दोन चित्रांत बँड मनगटाच्या बाहेरच्या टोकदार हाडावरच बसला होता. व्यायामात तो हाडापासून बोटभर कोपराकडे बांधतात, नाहीतर मनगट दुमडलं की सरकतो आणि नाडी चुकते. उरलेल्या तीनपैकी एक निवडलं.

मग आकडा. तो फोटो-एडिटरमध्ये वेगळ्या थरावर लिहिला, चार कोपरे ओढून तबकडीच्या कलात बसवला आणि थराची पद्धत «Screen» ठेवली. ही निवड सवयीची नाही, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. आकड्याचा स्वतःचा प्रकाश आणि काचेवरचं प्रतिबिंब यांची डोळ्यात बेरीज होते, एक दुसऱ्याला झाकत नाही. साध्या थरात आकडा प्रतिबिंबावर स्टिकरसारखा बसतो. «Screen» मध्ये खालचं उजळ आणि वरचं उजळ मिसळून आणखी उजळ होतं, म्हणून प्रतिबिंबाची रेघ आकड्याला जिथे शिवते तिथे तो खरोखर काचेखालून आल्यासारखा वाटतो. शेवटी त्याला एक पिक्सेल धूसर केलं, कारण बाकी फोटोइतकाच तो मऊ हवा.

या वाटेचा एक फायदा आपल्यासाठी खास आहे. आकडा आपणच लिहिणार असल्याने तो देवनागरीतही लिहिता येतो. मॉडेलकडून थेट «१२८» मागून पाहिलं, तर २ आणि ८ जागी भलत्याच वेलांट्या आल्या. बँडच्या पडद्यावर खरोखर देवनागरी आकडे येत असतील तरच पोस्टरवर ते दाखवावेत, असं मात्र मला वाटतं.

पोस्टर छापायच्या आधी भाच्याने एक चूक दाखवली. मागच्या भिंतीवरच्या आरशात तोच हात अंधुक दिसत होता, आणि त्यातला बँड अजून कोराच होता. तिथेही आकडा बसवला, उलटा करून.