जनरल सोपी, म्हणून मार्क जास्त?

“आम्ही कोथरूडला राहतो. ह्यांना कॅनडाच्या पीआरसाठी आयईएलटीएस द्यायची आहे. क्लासमधले सगळे म्हणतात, जनरल सोपी असते, मार्क आपोआप जास्त पडतात. खरं का?”

ताई, उतारे सोपे असतात, बँड नाही. ऐकणं आणि बोलणं जनरल आणि अकॅडमिक या दोन्ही परीक्षांत सारखंच. फरक वाचन आणि लेखनात. अकॅडमिकच्या वाचनात ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर आली की ७ बँड मिळतो. जनरलमध्ये तेवढ्याच उत्तरांना ६ मिळतो, ७ साठी साधारण ३४ लागतात. चुकायची मुभा दहावरून सहावर येते. सोपं समजून भरभर वाचणारे इथेच अडकतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या पीआर योजनेत वाचनाला सीएलबी ९, म्हणजे कॅनडाच्या भाषामापनातली नववी पातळी, हवी असेल तर हा ७ बँड गाठावाच लागतो. घरी ६० मिनिटांचा गजर लावून पेपर सोडवायला सांगा आणि चुका मोजा. सहाहून जास्त येत असतील तर तारीख घेऊ नका.

तरी त्यांनी जनरलच द्यावी. कारण वेगळं आहे: एक्स्प्रेस एंट्रीत अकॅडमिकचा निकाल चालतच नाही. विद्यापीठं मात्र सहसा अकॅडमिकच मागतात. त्यामुळे शिकायला जाऊन पुढे पीआर मागणाऱ्याला तो जुना निकाल उपयोगी पडत नाही.