हिरव्यावरची लाल अक्षरे तपकिरी का होतात?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की पेठापेठांतील तालमींच्या संघांचे फ्लेक्स चौकाचौकांत उभे राहतात. गडद हिरव्या पार्श्वभूमीवर लालभडक अक्षरे असलेला एखादा फलक दोन-तीन पावलांवर जाऊन पाहिला, तर पुष्कळदा एक गोष्ट ध्यानात येते. लाल अक्षराची कड स्वच्छ नसते, तिच्याभोवती मातकट तपकिरी पट्टी पसरलेली असते. त्याच फलकावरची काळी किंवा पांढरी अक्षरे मात्र चांगली रेखीव दिसतात. हा दोष शाईचा किंवा छपाईच्या यंत्राचा असल्याचे सहज मानले जाते. पण मूळ डिझाइनऐवजी मोबाइलवर प्रूफ म्हणून आलेली जेपेग फाइलच छापली गेली असेल, तर बहुधा तो दोष छपाईच्या आधीच चित्रात शिरलेला असतो.

कॅमेरा आणि पडदा प्रत्येक बिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत मांडतात. जेपेग ही मांडणी बदलते. ती आधी बिंदूचे तेज, म्हणजे कृष्णधवल चित्रात तो जितका उजळ दिसला असता तो आकडा, वेगळा काढते. उरलेल्या दोन आकड्यांत केवळ रंगाचा कल असतो: एकात निळ्याकडचा, दुसऱ्यात लालकडचा. तेजाचे सूत्र असे आहे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

हिरव्याचा वाटा सर्वांत मोठा आणि निळ्याचा सर्वांत लहान आहे, कारण डोळ्याला उजेडाची जाणीव त्याच प्रमाणाच्या जवळपास होते. ही विभागणी झाल्यावर तेज प्रत्येक बिंदूसाठी जसेच्या तसे ठेवले जाते, पण रंगाचे दोन्ही आकडे दोन आडवे आणि दोन उभे अशा चार बिंदूंची सरासरी काढून चौघांत मिळून एकदाच लिहिले जातात. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. चार बिंदूंना आधी १२ आकडे लागत होते, आता चार तेजाचे आणि दोन रंगाचे असे सहाच लागतात. जेपेगची पुढची, अधिक गुंतागुंतीची काटछाट सुरू होण्यापूर्वीच चित्र निम्मे झालेले असते. रांगोळी, चेहरा किंवा रंकाळ्यावरची संध्याकाळ अशा कोणत्याही छायाचित्रात हा बदल शोधूनही सापडत नाही.

तो न सापडण्याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी दहा टक्क्यांहूनही कमी असतात, आणि ज्या ठिकाणी नजर सर्वांत तीक्ष्ण असते त्या दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर त्या नसतातच. डोळ्याचे भिंगही लाल, हिरवा आणि निळा प्रकाश एकाच अंतरावर केंद्रित करू शकत नाही. लाल-हिरवा प्रकाश नीट जुळला, की निळी प्रतिमा थोडी धूसर पडते. उरलेल्या दोन प्रकारच्या पेशी पुष्कळ आणि दाट असतात, पण त्यांचा उपयोग दोन रीतींनी होतो. उजेडाचा बदल टिपण्यासाठी त्या दोन्ही प्रकारांचे संदेश एकत्र मिळवले जातात, त्यामुळे प्रत्येक पेशी बारकाव्यात भर घालते. रंग ओळखण्यासाठी मात्र एका प्रकारच्या संदेशातून दुसऱ्याचा वजा करावा लागतो, आणि ही वजाबाकी विश्वासार्ह व्हायला शेजारपाजारच्या अनेक पेशी लागतात. याचा परिणाम मोजता येतो. नजरेच्या एका अंशात काळ्या-पांढऱ्या रेघांच्या साधारण ५० जोड्या निरोगी डोळ्याला वेगळ्या दिसू शकतात, पण उजळपणा सारखा ठेवलेल्या लाल-हिरव्या रेघांच्या जेमतेम १२ जोड्या दिसतात आणि त्यापुढे त्या एकमेकींत मिसळतात.

दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी हे जेपेगच्या कितीतरी आधी वापरले होते. १९५३ साली अमेरिकेने स्वीकारलेल्या रंगीत प्रक्षेपणाच्या मानकात तेजाला सुमारे ४.२ मेगाहर्ट्झची जागा होती, तर रंगाच्या दोन संकेतांपैकी मोठ्यालासुद्धा सुमारे १.३.

आता फलकाकडे येऊ. शुद्ध लाल रंगाचे आकडे (२५५, ०, ०) आहेत आणि त्याचे तेज सुमारे ७६ येते. गडद हिरवा (०, १३०, ०) घेतला, तर त्याचेही तेज ७६ येते. म्हणजे कृष्णधवल चित्रात ही लाल अक्षरे या हिरव्यावर दिसलीच नसती. दोघांतला सारा फरक केवळ रंगाच्या आकड्यांत आहे. निळ्याकडचा कल दोन्हींत ८५ च आहे, लालकडचा कल मात्र लालमध्ये २५५ आणि हिरव्यात ७४. अक्षराची कड चार बिंदूंच्या चौकटीच्या बरोबर मधून गेली, की डावे दोन बिंदू लाल आणि उजवे दोन हिरवे असतात. त्यांची सरासरी १६५ येते आणि चारही बिंदूंना तीच मिळते. हे आकडे पुन्हा लाल-हिरव्या-निळ्यात फिरवले, की रंग येतो (१२८, ६४, ०), म्हणजे नेमका तो मातकट तपकिरी. कड राखू शकले असते ते तेज, पण इथे त्यात कडच नाही. काळ्या-पांढऱ्या अक्षरांचे उलट आहे. कडेवर त्यांचेही रंगाचे आकडे हिरव्याशी मिसळतात, पण तेजात मोठा फरक असतो, त्यामुळे या सरासरीने त्यांचा आकार बिघडत नाही.

या दोषाची एक खूण ओळखायला सोपी आहे. कड चौकटीच्या सीमेवर पडली, तर सरासरीत दोन रंग मिसळत नाहीत. त्यामुळे एकाच अक्षराची डावी कड स्वच्छ आणि उजवी तपकिरी, असे दिसू शकते. (काही सॉफ्टवेअर चित्र उघडताना शेजारच्या चौकटींचे रंग हळुवार मिसळतात, तेव्हा ही खूण पुसट होते.) शाई पसरली असती, तर ती असा भेद करत बसली नसती.

मग प्रूफ पाहताना हे का दिसले नाही? मोबाइलच्या पडद्यावर एका इंचात ४०० बिंदू असतील आणि तो ३० सेंटिमीटरवर धरला असेल, तर नजरेच्या एका अंशात सुमारे ८० बिंदू बसतात. रंगाचे आकडे त्याच्या निम्मे, म्हणजे ४०. त्यांतून रेघांच्या २० जोड्या दाखवता येतात. डोळ्याची रंगातली मर्यादा १२ जोड्यांची असल्याने गमावलेला रंग तसाही दिसणार नव्हता. तीच १,५०० बिंदू रुंदीची फाइल १० फुटी फलकावर ताणली, की एक बिंदू दोन मिलिमीटरचा होतो. दोन मीटरवरून पाहताना एका अंशात जेमतेम १७ बिंदू येतात आणि रंगाच्या जोड्या चारच. आता डोळा चित्राहून कितीतरी तीक्ष्ण आहे आणि पट्टी उघडी पडते. म्हणून डोळा रंगातली काटकसर चालवून घेतो हे विधान पाहण्याच्या अंतराशिवाय अपुरे आहे, असे मला वाटते.

फाइलमध्ये काय केले आहे, हे संगणकावर इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारे सॉफ्टवेअर असल्यास पाहता येते:

```
identify -format "%[jpeg:sampling-factor]" board.jpg
```

उत्तर `2x2,1x1,1x1` आले, तर रंग चार बिंदूंत एकदाच लिहिलेला आहे. `1x1,1x1,1x1` आले, तर तो प्रत्येक बिंदूसाठी आहे. दुसऱ्या प्रकाराला ४:४:४ म्हणतात आणि मूळ डिझाइनमधून तो असा काढता येतो:

```
magick board.png -sampling-factor 4:4:4 -quality 92 board.jpg
```

मात्र हे मूळ डिझाइनवरच करावे लागते. आधी ४:२:० झालेली फाइल उघडून ४:४:४ मध्ये साठवली, तर आकार वाढतो, पण तपकिरी पट्टी तशीच राहते, कारण सरासरीतून मूळचे चार आकडे परत काढता येत नाहीत. डिझाइन करतानाच हिरवा अधिक गडद घेतला किंवा लाल अक्षराला पांढरी किनार दिली, तर कडेवर तेजाचा फरक तयार होतो. मग फाइल वाटेत कुणीही ४:२:० केली, तरी अक्षराचा आकार वाचण्याजोगा राहतो.